पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस: घड्याळ, रक्ताची लेव्हल आणि ॲसिटिलसिस्टीनच्या तीन बाटल्या

पॅरासिटामॉलच्या ओव्हरडोसवर ॲसिटिलसिस्टीन हे खात्रीचं औषध आहे. तरीही या केसेस बिघडतात, आणि बहुतेक वेळा औषध नव्हतं म्हणून नाही, तर वेळ चुकली म्हणून. नातेवाईक उशिरा निघतात, गोळ्या घेतल्याची वेळ अंदाजे लिहिली जाते, रक्त फार लवकर काढलं जातं, किंवा रिपोर्टची वाट बघत ड्रिप अडून राहते. रात्रपाळीत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहिल्या (एक मी स्वतः केली, ती पुढे सांगतो), म्हणून हा लेख. तो प्रौढ रुग्णांपुरता आहे. पहिले दोन टप्पे घरच्यांसाठीही आहेत, पुढचे मुख्यतः ड्युटीवरच्या डॉक्टर आणि सिस्टरसाठी.

आधी हे: हे वाचताना तुम्ही स्वतः किंवा तुमच्या घरच्या कुणी जास्त गोळ्या घेतलेल्या असतील, तर वाचन इथेच थांबवा आणि जवळच्या इमर्जन्सी विभागात निघा. बरं वाटत असलं तरी. एकटे असाल तर कुणाला तरी आत्ता फोन करून सोबत बोलवा. कुणी येत नसेल तर ॲम्ब्युलन्स.

## १. घरून निघताना

लोक फसतात ते इथेच: पहिल्या दिवशी माणूस जवळजवळ ठीक दिसतो. थोडी मळमळ, एखादी उलटी, भूक नाही, एवढंच. कधी तेवढंही नाही. बरगडीखाली उजवीकडे दुखायला लागतं ते साधारण दुसऱ्या दिवशी, आणि यकृताची हानी सर्वांत जास्त दिसते तिसऱ्या-चौथ्या दिवशी. म्हणजे त्रास जाणवेपर्यंत औषधाची सर्वांत चांगली वेळ निघून गेलेली असते. "झोपू द्या, सकाळी बघू" हे वाक्य या विषात फार महागात पडतं.

कारण यकृताच्या आत आहे. नेहमीच्या डोसमधलं बहुतेक पॅरासिटामॉल यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. थोडासा भाग मात्र एका विषारी पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायोन नावाचा राखीव साठा त्याला लगेच निकामी करतो. ओव्हरडोसमध्ये हा विषारी पदार्थ जास्त तयार होतो आणि साठा काही तासांत आटत जातो. तो फार खाली गेला की विष यकृताच्या पेशींनाच चिकटतं. ॲसिटिलसिस्टीन हा साठा पुन्हा भरून काढतं. साठा आटण्याआधी औषध पोहोचलं तर पेशी वाचतात, नंतर पोहोचलं तर उरलेल्या वाचवायच्या असतात. लवकर या, असं आम्ही बजावतो ते एवढ्यासाठी.

निघताना घरातल्या सगळ्या रिकाम्या आणि अर्धवट स्ट्रिप्स पिशवीत घाला, कचऱ्याच्या डब्यातल्यासुद्धा. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांमध्ये बहुधा पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे नुसतं नाव सांगू नका, पाकीटच आणा. एखाद्या कागदावर किंवा मोबाइलमध्ये लिहून घ्या: शेवटचं नीट बोलणं किती वाजता झालं, पहिली उलटी किती वाजता.

सावधान: मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नका. वेळ जातो, घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते आणि विष पूर्ण बाहेर पडत नाही. उलटी आपोआप झाली तरी "निघून गेलं सगळं" असं समजून घरी थांबू नका.

## २. गोळ्या घेतल्याची वेळ पक्की करणं

संपूर्ण उपचार या एका आकड्यावर उभा आहे, आणि केसपेपरवर सर्वांत निष्काळजीपणे लिहिला जातो तोही हाच. गोळ्यांची संख्या रुग्ण कमी-जास्त सांगतो आणि त्यावर फार विसंबता येत नाही. वेळ मात्र थोडा खटाटोप केला की सापडते.

"कधी घेतल्या?" असं थेट विचारलं की "रात्री" असं उत्तर मिळतं. त्याऐवजी दिवसाच्या खुणांवरून विचारा. जेवणाआधी की नंतर? घरात तेव्हा कोण कोण होतं? त्यानंतर कुणाला फोन किंवा मेसेज केला का? मेसेजवर वेळ छापलेली असते. सगळ्या एकदम घेतल्या की थोड्या थोड्या करून, हेही इथेच विचारा. एका तासाच्या आत संपवल्या तरच तो एकाच वेळचा ओव्हरडोस मानतात. त्याहून जास्त वेळात घेतल्या असतील तर पुढचा तक्ता त्याला लागू होत नाही.

आवाज खाली ठेवा. नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर थांबवून रुग्णाला एकट्याला विचारलं, तर खरी वेळ येण्याची शक्यता बरीच वाढते. रागावलेल्या वडिलांसमोर कुणी खरं सांगत नाही.

केसपेपरवर एक वेळ नको, दोन हव्यात: "लवकरात लवकर" आणि "उशिरात उशिरा". निर्णय नेहमी लवकरात लवकरच्या वेळेवर घ्यायचा.

तपासा: ही वेळ कुणी सांगितली? त्याने गोळ्या घेताना पाहिलं, की फक्त परिणाम पाहिला? उलटीचा आवाज ऐकला ती वेळ म्हणजे गोळ्यांची वेळ नव्हे.

## ३. ४ तास होईपर्यंत

रुग्ण दीड-दोन तासांत आला की सगळ्यांना रक्त काढायची घाई होते. लेव्हलसाठी, म्हणजे रक्तातलं पॅरासिटामॉलचं प्रमाण मोजण्यासाठी, ४ तास होईपर्यंत थांबा. पहिले ४ तास औषध अजून पोटातून रक्तात उतरत असतं. २ तासांना आलेला कमी आकडा म्हणजे कमी विष असेल, किंवा आकडा अजून चढायचा असेल. दोन्ही सारखेच दिसतात. धोका असा की हा आकडा कागदावर आला की पुढच्या पाळीतला कुणीतरी त्यावर विसंबतो आणि रुग्णाला घरी सोडतो.

तोवर हातात कामं पुष्कळ आहेत. शिरेत सुई घालून ठेवा. रुग्णाला काट्यावर उभं करून वजन घ्या, अंदाजाने लिहू नका. एक तासाच्या आत आला असेल, पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल, तर ५० ग्रॅम ॲक्टिव्हेटेड चारकोल द्या. काही ठिकाणी ही मुदत थोडी जास्त धरतात. सोबत दुसरी कुठली औषधं किंवा दारू घेतली आहे का, ते बघा. पॅरासिटामॉलने पहिल्या काही तासांत सहसा शुद्ध जात नाही. रुग्ण आल्याआल्या गुंगीत असेल तर दुसरं काहीतरी पोटात गेलेलं आहे असं धरून शोध घ्या.

४ तास पूर्ण झाले की पॅरासिटामॉलची लेव्हल पाठवा. सोबत यकृताला इजा झाली की वाढणारं एएलटी, रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आयएनआर, क्रिएटिनीन, साखर, बायकार्बोनेट.

तपासा: नळीवर रक्त प्रत्यक्ष काढल्याची वेळ लिहा. लॅबच्या रिपोर्टवर बहुधा नमुना पोहोचल्याची वेळ छापून येते, आणि दोहोंत अर्धा-पाऊण तासाचा फरक सहज पडतो.

## ४. लेव्हल वाचणं, आणि न वाचताच सुरू करणं

१९७५ सालापासून वापरात असलेला रुमॅक-मॅथ्यू तक्ता सगळ्यांना माहीत असतो: आडव्या बाजूला तास, उभ्या बाजूला लेव्हल, आणि तिरकी उतरणारी रेघ. आकडा रेघेवर किंवा वर आला की उपचार. ब्रिटनमध्ये ही रेघ ४ तासांना १०० मिलिग्रॅम प्रति लिटरपासून सुरू होते, अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात १५० पासून. दर ४ तासांनी ती निम्म्यावर येते. १०० ची रेघ ८ तासांना ५० आणि १२ तासांना २५. तुमच्या विभागात कुठली रेघ धरतात ते आधीच भिंतीवर लावून ठेवा, रात्री दोनला वाद नको. लॅबचं एककही बघा. मिलिग्रॅम प्रति लिटर आणि मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हे आकडे सारखेच, पण मायक्रोमोलमध्ये रिपोर्ट आला तर आकडा सुमारे साडेसहा पट मोठा दिसतो.

दुसरी वेळ लक्षात ठेवायची ती ८ तासांची. ८ तासांच्या आत ॲसिटिलसिस्टीन सुरू झालं तर यकृताची गंभीर हानी क्वचितच होते. ४ तासांना सुरू केलं काय किंवा ७ तासांना, फारसा फरक पडत नाही, म्हणूनच लेव्हलसाठी थांबायची मुभा आहे. ८ नंतर मात्र दर तासाला संरक्षण कमी होत जातं.

म्हणून नियम असा. रिपोर्ट ८ तासांच्या आत हातात पडणार असेल तर थांबा. पडणार नसेल, किंवा रुग्णच ८ तासांनंतर आला असेल, तर रक्त काढा आणि त्याच सुईतून ड्रिप सुरू करा. रिपोर्ट आल्यावर गरज नाही असं दिसलं तर बंद करता येते. वेळ अजिबात कळत नसेल, किंवा गोळ्या तासाहून अधिक काळात थोड्या थोड्या घेतल्या असतील, तर तक्ता बाजूला ठेवा आणि सुरू करा. गोळी हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारची असेल आणि पहिला आकडा रेघेखाली असेल, तर ४ तासांनी दुसरी लेव्हल काढल्याशिवाय सोडू नका.

### तोच आकडा, दोन वेळा

आता माझी चूक. एक तरुण, काट्यावर वजन ६० किलो, पहाटे साडेपाचला कॅज्युअल्टीत आला. भाऊ म्हणाला, "रात्री दोनला घेतल्या." मी तेच लिहिलं. हिशेब सरळ वाटला: ४ तास सहाला पूर्ण होतात, तेव्हा रक्त काढू. सव्वासातला रिपोर्ट आला, ७८ मिलिग्रॅम प्रति लिटर. ४ तासांना ७८ म्हणजे १०० च्याही रेघेखाली. एएलटी ३८, आयएनआर १. मी "निरीक्षण, उपचाराची गरज नाही" असं लिहायला घेतलं.

पाळी बदलताना सिस्टरने भावाला सहज विचारलं, "तुम्ही बघितलंत का घेताना?" तो म्हणाला, "नाही, दोनला उलटीचा आवाज आला म्हणून उठलो." मग रुग्णाचा फोन पाहिला. मित्राला रात्री ८:५० ला मेसेज, आणि जेवायला तो बसलाच नव्हता. गोळ्या नऊच्या सुमाराला गेल्या होत्या.

म्हणजे सहाचं रक्त ४ तासांचं नव्हतं, ९ तासांचं होतं. ९ तासांना १०० ची रेघ सुमारे ४२ वर असते, १५० ची सुमारे ६३ वर. ७८ दोन्हींच्या वर. आकडा बदलला नव्हता, फक्त घड्याळ बदललं आणि घरी जाणारा रुग्ण ड्रिपवर आला. ती सुरू झाली साडेसातला, साडेदहा तासांनी. हाच प्रश्न मी साडेपाचला विचारला असता तर साडेआठ तास झाल्याचं कळलं असतं, लेव्हलची वाट न बघता पावणेसहाला औषध लागलं असतं. पावणेदोन तास माझ्या एका न विचारलेल्या प्रश्नात गेले.

## ५. तीन बाटल्या

सर्वांत रुळलेली पद्धत २१ तासांची आहे. एकूण ३०० मिलिग्रॅम प्रति किलो, तीन भागांत, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये.

पहिली: १५० मिलिग्रॅम प्रति किलो, २०० मिलिलिटरमध्ये, १ तासात.
दुसरी: ५० मिलिग्रॅम प्रति किलो, ५०० मिलिलिटरमध्ये, ४ तासांत.
तिसरी: १०० मिलिग्रॅम प्रति किलो, १ लिटरमध्ये, १६ तासांत.

वरच्या तरुणासाठी ६० किलोचा हिशेब असा. औषधाचं ॲम्प्युल मिलिलिटरला २०० मिलिग्रॅमचं. पहिल्या बाटलीत ९,००० मिलिग्रॅम, म्हणजे ४५ मिलिलिटर. दुसरीत ३,०००, म्हणजे १५. तिसरीत ६,०००, म्हणजे ३०. एकूण ९० मिलिलिटर, १० मिलिलिटरचे नऊ ॲम्प्युल. हा शेवटचा आकडा आधीच काढा आणि तेवढे ॲम्प्युल एकदम मागवा. दुसरी बाटली संपत आल्यावर तिसरीसाठी स्टोअरची किल्ली शोधत फिरणं मी पाहिलं आहे.

फार वजनदार रुग्णाला डोसचं वजन एका मर्यादेपुढे धरत नाहीत. ब्रिटनमध्ये ती ११० किलो, अमेरिकेत १००. काही ठिकाणी आता दोन बाटल्यांची किंवा १२ तासांची पद्धत आहे. त्याही चालतात, पण सुरुवात एका पद्धतीने आणि शेवट दुसरीने असं करू नका. लेव्हल रेघेच्या दुपटीहून वर असेल तर नेहमीचा डोस पुरेलच असं नाही. विषबाधा केंद्राशी किंवा वरिष्ठांशी लगेच बोला.

सावधान: सर्वांत घातक चूक हिशेबाची असते, दहापट डोसची. मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि रेट या तिन्ही गोष्टी दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे काढायच्या. पहिल्याचा कागद बघून "बरोबर आहे" म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे.

तपासा: बाटली बदलली की पंपाचा रेटही बदलला का? दुसरी बाटली पहिलीच्या वेगाने वाहून गेलेली सापडते ती इथेच. आणि दोन बाटल्यांमध्ये खंड पडू देऊ नका. रुग्णाला सोनोग्राफीला नेलं तरी ड्रिप सोबत जाते.

## ६. पहिल्या बाटलीत अंगावर पित्त उठलं तर

चेहरा लाल होणं, खाज, गांधी, मळमळ, कधी छातीत घरघर किंवा बीपी उतरणं. हे बहुधा पहिल्या बाटलीत किंवा ती संपल्यावर लगेच होतं, कारण तेव्हा वेग सर्वांत जास्त असतो. दिसायला ॲलर्जीसारखं, पण ही खरी ॲलर्जी नव्हे. वेगाने गेलेल्या औषधामुळे शरीरातलं हिस्टामिन सुटतं. दम्याच्या रुग्णांत आणि लेव्हल कमी असलेल्यांत जास्त आढळतं.

नुसता चेहरा लाल झाला असेल तर लक्ष ठेवा आणि चालू ठेवा. गांधी उठल्या तर ड्रिप थांबवा, अँटिहिस्टामिन द्या, घरघर असेल तर नेब्युलायझर. बीपी कोसळलं किंवा श्वास कोंडला तर ॲनाफिलॅक्सिससारखेच उपचार, ॲड्रिनॅलिनसह. ओसरलं की कमी वेगाने पुन्हा सुरू करा.

ही "पुन्हा सुरू" हीच राहून जाणारी पायरी आहे. केसपेपरवर कुणीतरी लाल पेनाने "एनएसी ॲलर्जी" लिहितं, एनएसी म्हणजे ॲसिटिलसिस्टीनच, आणि उपचार कायमचा थांबतो. पूर्वी असं झालं होतं किंवा दमा आहे, ही औषध नाकारायची कारणं नाहीत. फक्त जवळ उभं राहायचं.

## ७. बाटली संपली म्हणजे उपचार संपला नाही

तिसरी बाटली संपायच्या दोन तास आधी रक्त पाठवा: लेव्हल, एएलटी, आयएनआर, क्रिएटिनीन. थांबवायचं तर पॅरासिटामॉल १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली हवं, एएलटी चढतं नसावं, आयएनआर १.३ किंवा कमी, आणि रुग्ण बरा दिसायला हवा. यातली एक जरी अट पूर्ण होत नसेल तर तिसऱ्या बाटलीसारखीच बाटली पुन्हा, १६ तास.

आयएनआरची एक गंमत लक्षात ठेवा. ॲसिटिलसिस्टीनने स्वतःच तो थोडा वाढतो. एएलटी ठीक आणि आयएनआर १.२ असेल तर घाबरू नका. उलट बाजूने, रक्तस्राव नसताना केवळ आकडा सुधारायला प्लाझ्मा देऊ नका. यकृत कुठल्या दिशेला चाललंय हे सांगणारी सर्वांत चांगली खूण त्याने पुसली जाते.

आमच्या तरुणाचं रक्त रात्री अडीचला गेलं. लेव्हल शून्यावर, पण एएलटी ३१० आणि आयएनआर १.६. २१ तास साडेचारला पूर्ण झाले तरी औषध थांबवलं नाही, चौथी बाटली लावली आणि दर १२ तासांनी रक्त. एएलटी आणखी चढलं, मग उतरू लागलं, आयएनआर त्याआधीच खाली आला. त्याला दोन जादा बाटल्या लागल्या.

सावधान: आयएनआर प्रत्येक रिपोर्टला चढत असेल, लघवी कमी होत असेल, साखर उतरत असेल किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर यकृत प्रत्यारोपण होतं त्या केंद्राशी त्याच तासाला बोला. द्रवपदार्थ देऊनही धमनीच्या रक्ताचा पीएच ७.३० च्या खाली राहणं ही फार गंभीर खूण आहे. तिथवर वाट बघून फोन करणं म्हणजे रुग्ण हलवण्याच्या अवस्थेपलीकडे गेलेला असण्याची शक्यता. औषध तोवर चालूच. उशिरा, २४ तासांनंतर आलेल्या रुग्णातही कावीळ, दुखरं यकृत किंवा वाढलेलं एएलटी असेल तर ते द्यायचंच. तेव्हाही त्याचा उपयोग होतो.

## ८. सुट्टी देण्याआधी

रक्ताचे आकडे सुधारले की नातेवाइकांना घरी जायची घाई असते आणि विभागाला खाट हवी असते. मानसोपचारतज्ज्ञांनी रुग्णाशी निवांत बोलल्याशिवाय डिस्चार्ज कार्ड लिहू नका. हे बोलणं ड्रिप चालू असताना सुरू करता येतं. ते २१ तास त्यासाठीही वापरा. ओव्हरडोस चुकून झाला असेल, म्हणजे दातदुखीसाठी दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या एकत्र घेतल्या वगैरे, तर ते पाकिटं समोर ठेवून समजावून सांगा.

घरातल्या गोळ्या कोण ताब्यात घेणार, हे एका माणसाचं नाव घेऊन ठरवा. कार्डावर ठळक लिहा: पुन्हा उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे किंवा ग्लानी वाटली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता परत या. त्या तरुणाच्या कार्डावर मी आणखी एक ओळ लिहिली, पुढच्या डॉक्टरसाठी: गोळ्यांची वेळ रात्री ९, आधार मोबाइलवरचा मेसेज. आधी लिहिलेली "रात्री २" तिथेच ठेवली, एक आडवी रेघ मारून, सहीसकट.